चेक परत आला, पत्ता जुना निघाला: कंपनीची माहिती मूळ नोंदीशी ताडून पाहण्याचं एक प्रकरण

मी कंपनी सेक्रेटरी आहे आणि माझं काम मुख्यतः कोल्हापूर परिसरातल्या लहान उद्योगांसोबत चालतं. हे प्रकरण 2024 च्या उन्हाळ्यातलं. पक्षकारांची ओळख लपवण्यासाठी नावं आणि काही बारकावे बदलले आहेत. तारखांमधली अंतरं मात्र तशीच ठेवली आहेत, कारण या प्रकरणात सगळं तारखांवरच अवलंबून होतं.

## पार्श्वभूमी

शिरोलीतल्या एका फाउंड्रीने पुण्याच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला फेब्रुवारी आणि मार्च 2024 मध्ये कास्टिंग पुरवली. बिल 6,84,000 रुपयांचं होतं. मे महिन्याच्या शेवटी कंपनीने 30 मे तारखेचा चेक दिला. फाउंड्रीच्या मालकांनी तो बँकेत भरला आणि 11 जूनला 'अपुरी शिल्लक' असा मेमो घेऊन चेक परत आला.

चेक न वटण्याच्या कायद्यात, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 मध्ये, चेक परत आल्याचं बँकेकडून समजल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. 11 जूनचा दिवस सोडून मोजलं तर शेवटचा दिवस 11 जुलै येत होता. मालकांनी पहिले दोन आठवडे फोन करण्यात घालवले. पुण्याहून "करतो, करतो" एवढंच उत्तर मिळत होतं आणि नंतर फोन उचलणंच बंद झालं. मग ते वकिलांकडे गेले. वकीलसाहेबांच्या कार्यालयात नोटिशीचा मसुदा तयार झाला. कंपनीचा पत्ता आणि दोन संचालकांची नावं तिथल्या ज्युनिअरने कंपन्यांची माहिती गोळा करून दाखवणाऱ्या वेबसाइटवरून घेतली होती.

## संशय कसा आला

संशय मला आधी आला नाही, मालकांना आला. मसुदा हातात पडल्यावर त्यांनी तशाच एका वेबसाइटवर दिलेला कंपनीचा फोन नंबर लावून पाहिला. 3 जुलैला ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, नंबर लागतोय, पण माणूस दुसराच हाय. नाव जवळपास तेच, पण त्याचं युनिट नाशिकला हाय. आपल्या कंपनीशी त्याचा काय संबंध न्हाई म्हणतो."

मी त्यांच्याकडून खरेदी आदेश मागून घेतला. त्यावर छापलेला सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, पाहिला आणि मग वेबसाइट उघडली. ज्युनिअरने निष्काळजीपणा केला नव्हता. त्याने एक नाही, तीन वेगवेगळ्या साइट पाहिल्या होत्या. तिन्हींवर भोसरीचा एकच पत्ता होता आणि संचालकही तेच दोघे होते. तीन ठिकाणी एकच माहिती दिसल्यावर ती खरी मानणं स्वाभाविक आहे. पण तीन साक्षीदारांनी एकाच माणसाकडून ऐकलेलं सांगितलं, तर साक्ष एकच धरावी लागते.

तिन्ही पानांवर 'शेवटचं अपडेट' म्हणून जून 2024 ची तारीख होती. त्याच पानावर खाली ताळेबंदाची शेवटची तारीख 31 मार्च 2022 दिली होती. ही विसंगती फार बोलकी आहे. कंपनीने आपले हिशेब वार्षिक सभेनंतर 30 दिवसांत AOC-4 या फॉर्ममध्ये कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे दाखल करायचे असतात आणि मार्चअखेरच्या वर्षाची सभा सहसा सप्टेंबरपर्यंत होते. कंपनी वेळेवर फॉर्म भरणारी असेल, तर मार्च 2023 चा ताळेबंद ऑक्टोबर 2023 च्या सुमारास नोंदीवर यायला हवा होता. साइटवर तो नव्हता, म्हणजे तिथली माहिती त्याआधी कधीतरी उचललेली असणार. वरची जून 2024 ही तारीख फार तर पान पुन्हा तयार झाल्याची असेल, माहितीची नव्हे.

## समोरचे पर्याय

मुदतीचे आठ दिवस उरले होते. संध्याकाळी वकीलसाहेब, मालक आणि मी बसलो आणि चार वाटांचा विचार केला.

पहिली वाट म्हणजे मसुदा आहे तसा पाठवणं. यातला धोका पत्त्याचा होता. योग्य पत्ता लिहून, पोस्टाचा आकार भरून पाठवलेलं पत्र पोहोचलं असं कायदा गृहीत धरतो. समोरच्याने ते घ्यायला नकार दिला किंवा दार बंद ठेवलं तरी. जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम 27 चा आधार तोच आहे. पण त्या गृहीतकाचा सगळा भार 'योग्य पत्ता' या दोन शब्दांवर आहे. कंपनीने सोडलेल्या जागेवरून पाकीट परत आलं असतं तर त्या गृहीतकाचा उपयोग झाला नसता. तक्रार दाखल करायला उशीर झाला तर तो न्यायालय माफ करू शकतं, नोटिशीच्या 30 दिवसांना मात्र तशी सवलत नाही.

दुसरी वाट वकीलसाहेबांनी सुचवली. मिळतील त्या सगळ्या पत्त्यांवर, मिळतील त्या सगळ्या नावांनी नोटीस पाठवायची. त्यातला पत्त्यांचा अर्धा भाग मला पटला, नावांचा नाही. जास्तीचा पत्ता म्हणजे फार तर एक जास्तीचं स्पीड पोस्ट. जास्तीचं नाव म्हणजे एका माणसावर फौजदारी प्रकरणाचं सावट. कलम 141 नुसार, गुन्हा घडला त्या वेळी कंपनीचा कारभार ज्यांच्या हाती होता त्यांनाच जबाबदार धरता येतं. त्याआधीच राजीनामा दिलेल्या संचालकाचं नाव आपण घातलं, तर त्याला स्वतःच्या खर्चाने उच्च न्यायालयात जाऊन प्रकरण रद्द करून घ्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मधल्या एका निकालात रजिस्ट्रारकडच्या कागदांच्या प्रमाणित प्रतींवर विसंबून अशाच एका माजी संचालकावरचं प्रकरण रद्द केलं होतं. म्हणजे तो माणूस शेवटी सुटतोच. मधली वर्षं मात्र त्याची आणि आपलीही वाया जातात.

तिसरी वाट थोडा वेळ मिळवून देणारी होती. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते, म्हणून 30 मेचा चेक ऑगस्टच्या अखेरपर्यंत पुन्हा भरता आला असता. तो पुन्हा परत आला तर नव्या मेमोपासून नवे 30 दिवस मिळतात. ते कायद्याला मान्य आहे. पण तोपर्यंत कंपनीने खातंच बंद केलं तर, किंवा आणखी कोणाचे पैसे अडकून परिस्थिती बिघडली तर, ही भीती मालकांना होती. आम्ही ही वाट राखीव ठेवली.

चौथी वाट म्हणजे दोन दिवस थांबून मूळ नोंदी पाहायच्या आणि मगच नोटीस काढायची. वकीलसाहेबांना दोन दिवस जाणं मान्य नव्हतं. शेवटी आम्ही ठरवलं की 5 जुलैच्या दुपारपर्यंत मी कागद आणीन. नाहीच मिळाले तर हाती असतील त्या पत्त्यांवर फक्त कंपनीच्या नावाने नोटीस जाईल. नोटीस मुळात चेक देणाऱ्याला, म्हणजे इथे कंपनीला, द्यायची असते. त्यामुळे नावांच्या बाबतीत हा पर्यायही सुरक्षित होता.

## मूळ नोंदींची तपासणी

मी सुरुवात नावाने केली नाही, सीआयएनने केली. नावात 'इंजिनिअरिंग' आणि 'इंजिनिअर्स' एवढाच फरक असलेल्या दोन कंपन्या सहज सापडतात. नाशिकचा तो फोन नंबर बहुधा असाच चिकटला असावा. 21 अक्षरांचा सीआयएन मात्र एकाच कंपनीचा असतो. कंपनी कायद्याच्या कलम 12 नुसार तो लेटरहेडवर आणि बिलांवर छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे तो आपल्याकडच्या कागदांतच मिळतो. त्याची रचना अशी असते:

```
U28999PN2014PTCxxxxxx
```

पहिलं अक्षर शेअर बाजारात नोंद नसल्याचं, पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग राज्य, स्थापनेचं वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. पुण्याच्या रजिस्ट्रारकडे नोंदलेल्या कंपन्यांच्या क्रमांकात बऱ्याचदा राज्याच्या जागी `MH` ऐवजी `PN` दिसतं. ते पाहून कागद बनावट आहे असं समजू नये. खरेदी आदेशावरचा क्रमांक आणि साइटवरचा क्रमांक जुळला, म्हणजे पान तरी योग्य कंपनीचंच होतं.

मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` वर मोफत खात्यातून मास्टर डेटा, म्हणजे कंपनीच्या सध्याच्या नोंदीचा गोषवारा, उघडला. नोंदणीकृत पत्ता भोसरीचा नव्हता, शिवाजीनगरचा होता. ताळेबंदाची शेवटची तारीख 31 मार्च 2023 होती. म्हणजे साइटच्या माहितीच्या वयाबद्दलचा अंदाज बरोबर निघाला. संचालक दोनच, पण त्यांतला एकच साइटशी जुळत होता. जुन्या संचालकाचं नाव गेलं होतं आणि त्या जागी नवीन व्यक्ती होती.

इथेच थांबायचा मोह होतो. पण मास्टर डेटा आज काय आहे एवढंच सांगतो. बदल कधी झाला हे त्यातून नीट समजत नाही आणि आमचा प्रश्न नेमका तारखेचा होता. म्हणून `View Public Documents` मध्ये त्या कंपनीसाठी 100 रुपये भरले आणि दाखल झालेले फॉर्म उघडले.

संचालकांच्या बदलाच्या कप्प्यात DIR-12 मिळाला. राजीनाम्याची तारीख 21 ऑगस्ट 2023, फॉर्म दाखल सप्टेंबरमध्ये आणि सोबत राजीनामापत्र जोडलेलं. म्हणजे कास्टिंगची पहिली गाडी शिरोलीतून निघाली त्याच्या जवळजवळ सहा महिने आधी ते गृहस्थ बाहेर पडले होते. नोटिशीच्या मसुद्यात दुसरं नाव त्यांचंच होतं.

पत्त्यासाठी INC-22 उघडला. नोंदणीकृत कार्यालय बदललं तर 30 दिवसांत हा फॉर्म भरावा लागतो. सोबत जागेचा पुरावा, मालकाची संमती आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीजबिल किंवा तसंच एखादं बिल जोडावं लागतं. ही जोडपत्रं मी नेहमी वाचते, कारण फॉर्ममध्ये नसलेली गोष्ट तिथे सापडते. शिवाजीनगरची जागा एका हिशेबनिसाच्या कार्यालयाची होती आणि वीजबिल त्याच्याच नावाचं होतं. म्हणजे कायद्याने पत्ता बरोबर, पण पैशांचे निर्णय घेणारा माणूस तिथे बसत नसणार. हे बेकायदा नाही आणि फार सर्रास चालतं. पण फक्त तिथेच नोटीस पाठवून चालणार नव्हतं.

याच टप्प्यावर मी स्वतः चुकता चुकता वाचले. त्याच कंपनीचं MGT-7A हे वार्षिक विवरणही मी उघडलं होतं. त्यात जुन्याच दोन संचालकांची नावं होती. क्षणभर वाटलं, DIR-12 मध्येच काही गडबड आहे का? मग लक्षात आलं की ते विवरण 31 मार्च 2023 रोजीची स्थिती दाखवतं आणि राजीनामा त्यानंतरचा. कागद रजिस्ट्रारकडचा होता, खरा होता, पण आमच्या प्रश्नाच्या दिवसाचा नव्हता. मूळ नोंदीतल्या कागदालाही 'कोणत्या दिवसाचं चित्र' हा प्रश्न विचारावा लागतो.

शेवटी जीएसटीच्या `www.gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये बिलावरचा जीएसटी क्रमांक टाकला. 15 अक्षरांच्या या क्रमांकातलं तिसरं ते बारावं अक्षर म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण क्रमांकातलं सहावं, `C` असेल तर करदाता कंपनी आहे. इथे ते `C` होतं आणि कायदेशीर नाव चेकवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं. व्यवसायाचं मुख्य ठिकाण चाकणच्या कारखान्याचं होतं. ते शिवाजीनगरपेक्षा वेगळं आहे म्हणून काही चुकलं असं नाही. जीएसटीला धंदा जिथे चालतो ते ठिकाण हवं असतं, कंपनी कायद्याला कार्यालय. बऱ्याच संकलक साइट हे दोन्ही पत्ते एकाच मथळ्याखाली टाकतात आणि वाचणारा गोंधळतो.

## साइटवर चुकीचं का दिसत होतं

या साइटनी खोटं लिहिलं होतं असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे एकदा खरी असलेली माहिती होती. मंत्रालय कंपन्यांच्या मास्टर डेटाचे गठ्ठे `data.gov.in` वर खुले करतं. ते एका ठराविक दिवसाचे असतात. एकेका कंपनीचं पान मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उचलायचं तर कॅप्चा आणि लॉगिन आडवे येतात. त्यामुळे लाखो कंपन्यांची माहिती रोज ताजी ठेवणं कोणालाच परवडत नाही. ज्या कंपनीचं पान कोणी फारसं उघडत नाही, तिची माहिती एकदा घेतलेली तशीच राहते. फोन, वेबसाइट, कामगारसंख्या असल्या गोष्टी मास्टर डेटात नसतातच. त्या दुसरीकडून आणून नावाच्या साम्यावर जोडल्या जातात. नाशिकचा नंबर पुण्याच्या कंपनीला लागतो तो असा.

आणखी एक जागा सांगण्यासारखी आहे. अधिकृत भांडवल आणि भरणा झालेलं भांडवल हे दोन वेगळे आकडे असतात. काही साइट मोठा आकडा ठळक दाखवतात. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती शेअर काढू शकेल याची मर्यादा. त्यातला फार थोडा भाग प्रत्यक्षात आलेला असू शकतो. फाउंड्रीच्या मालकांनी माल देण्याआधी असाच एक आकडा पाहून 45 दिवसांची उधारी मान्य केली होती, हे मला नंतर समजलं.

## काय केलं आणि काय झालं

5 जुलैला दुपारी नोटीस स्पीड पोस्टने निघाली. ती कंपनीच्या आणि सध्याच्या दोन संचालकांच्या नावाने होती. त्यातल्या एकाची सही चेकवर होती. पत्ते तीन होते: शिवाजीनगर, चाकण आणि खबरदारी म्हणून भोसरी. माजी संचालकाचं नाव वगळलं. तपासलेली प्रत्येक स्क्रीन तारीख आणि वेळेसह पीडीएफ करून फाइलला लावली. पुढे न्यायालयात जावं लागलं तर DIR-12 आणि INC-22 च्या प्रमाणित प्रती मागवायच्या, असंही ठरलं. डाउनलोड केलेली प्रत आपल्या माहितीला पुरते, पुराव्याला प्रमाणित प्रत बरी.

भोसरीचं पाकीट 'जागा सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आलं. शिवाजीनगर आणि चाकणची पाकिटं 8 जुलैला पोहोचली. मसुदा आहे तसा गेला असता तर आमच्या हातात फक्त ते भोसरीचं पाकीट असतं.

नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. 19 जुलैला आरटीजीएसने 4,00,000 रुपये आले, बाकीचे 2,84,000 आले नाहीत. उरलेल्या रकमेसाठी मुदत मागणारा फोन आला. मालक थांबायला तयार होते, वकीलसाहेब नव्हते. 12 ऑगस्टला, मुदतीच्या आत, कोल्हापुरात तक्रार दाखल झाली. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये दोन हप्त्यांत बाकी रक्कम मिळाली आणि तक्रार मागे घेतली गेली. वसुलीचं श्रेय मी तपासणीला देणार नाही. कंपनीला चाकणमध्ये धंदा चालू ठेवायचा होता, म्हणून तिने पैसे दिले. तपासणीमुळे एवढंच झालं की नोटीस तिच्यापर्यंत मुदतीत पोहोचली आणि एक असंबंधित माणूस यात ओढला गेला नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

हीच तपासणी फेब्रुवारीत, पहिली गाडी निघण्याआधी करायला हवी होती. तेव्हा आठ दिवसांची घाई नव्हती. नोंदणीकृत कार्यालय हिशेबनिसाकडे हलवलेलं, सहा महिन्यांपूर्वी एक संचालक गेलेला. यातली एकेक गोष्ट निरुपद्रवी आहे. पण दोन्ही एकत्र दिसल्या असत्या तर मी मालकांना पहिल्या ऑर्डरवर निम्मे पैसे आगाऊ मागायला सांगितलं असतं. 100 रुपयांत AOC-4 मधला ताळेबंदही उघडतो आणि त्यात भरणा झालेलं भांडवल आणि देणी दिसतात. ते आम्ही जुलैत पाहिलं, मार्चपूर्वी नाही.

माझ्याकडून राहिलेली एक गोष्टही नोंदवते. मास्टर डेटा रजिस्ट्रारकडचा असला तरी त्यातली माहिती कंपनीनेच भरलेली असते, आणि बदल घडल्यापासून फॉर्म भरायला तिला 30 दिवस मिळतात. उशिरा भरणाऱ्या कंपन्याही असतात. जून 2024 मध्ये आणखी एखादा संचालक बदलला असता तर 5 जुलैला नोंदीत तो दिसलाच असता असं नाही. नोटीस निघाल्यावर आठवड्याने आणि तक्रार दाखल करण्याच्या आदल्या दिवशी मी नोंद पुन्हा पाहायला हवी होती. तक्रारीच्या आदल्या दिवशी पाहिली, मधली राहून गेली. या प्रकरणात त्याने काही बिघडलं नाही.

फाउंड्रीत आता नव्या ग्राहकाच्या फाइलला पहिलं पान म्हणून मास्टर डेटाची तारखेसह प्रिंट लावतात. मागच्या महिन्यात मालकांनी अशीच एक प्रिंट मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. खाली लिहिलं होतं, "मॅडम, ताळेबंद 2021 चा दिसतोय, माल द्यावा का?"

मी त्यांना आधी त्या कंपनीच्या नोंदीतली `Company Status` ची ओळ, म्हणजे कंपनी नोंदीवर अजून चालू आहे का, ते पाहायला सांगितलं.